चाललो किती, चढलो किती?

आतकरवाडीतून सिंहगडाच्या पुणे दरवाजापर्यंतची पायवाट पुण्यातल्या ट्रेकर मंडळींच्या पायाखालची आहे. अंतर साधारण पावणेतीन किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. एकाच गटातले चौघे ती एकत्र चढले तरी वर पोचल्यावर चार फोन चार आकडे दाखवतात. एकाचे तीन किलोमीटर झालेले असतात, दुसऱ्याचे साडेतीन. कुणाचा चढ साडेसहाशे मीटर, तर कुणाचा साडेआठशे. अशा वेळी फोनला दोष देऊन विषय संपवला जातो. पण फोन अंतर किंवा चढ मोजत नाही. तो ठरावीक वेळाने फक्त आपण कुठे आहोत याची नोंद करतो. अंतर आणि चढ त्या नोंदींवरून नंतर काढले जातात, आणि ते कसे काढले यावर आकडा ठरतो.

ही नोंद बहुतेक अॅपमधून जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये बाहेर काढता येते. ती साध्या मजकुराची फाइल असते, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. आत शेकडो किंवा हजारो बिंदू ओळीने मांडलेले असतात. एक बिंदू असा दिसतो:

```xml
<trkpt lat="18.37210" lon="73.75840">
  <ele>1014</ele>
  <time>2025-01-12T01:12:05Z</time>
</trkpt>
```

अक्षांश, रेखांश, मीटरमध्ये उंची आणि वेळ, एवढेच. वेळेच्या शेवटचा `Z` सांगतो की ही जागतिक प्रमाणवेळ आहे. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ६ वाजून ४२ मिनिटे झालेली असतात. अंतर काढायचे म्हणजे लागोपाठच्या दोन-दोन बिंदूंमधली अंतरे काढून त्यांची बेरीज करायची. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यासाठी ‘हॅवरसाइन’ नावाचे सूत्र वापरतात. चढासाठी मागच्यापेक्षा पुढचा बिंदू जितका उंच असेल तितके मीटर जमा धरायचे आणि उतार सोडून द्यायचे.

गोम या बेरजेतच आहे. प्रत्येक बिंदू खऱ्या जागेपासून थोडा सरकलेला असतो. चुका कधी डावीकडे, कधी उजवीकडे होतात, त्यामुळे त्या एकमेकींना खोडतील असे वाटते. तसे होत नाही, कारण दोन बिंदूंमधले अंतर कधीच ऋण नसते. डावीकडे सरकलेला बिंदूही अंतर वाढवतो आणि उजवीकडे सरकलेलाही. चढाचेही तसेच, कारण त्यात फक्त वर जाणारे फरकच मोजायचे असतात. फोनचा आकडा बहुधा फुगलेलाच का असतो, याचे उत्तर हे आहे.

यातली सर्वांत ढोबळ चूक म्हणजे उडी, ज्याला ‘स्पाइक’ म्हणतात. वाट कड्याखालून किंवा दाट झाडीतून जाते तिथे उपग्रहाचा संदेश थेट न येता खडकावर आपटून, लांबचा रस्ता घेऊन येतो. फोन संदेशाला लागलेल्या वेळावरून स्वतःची जागा ठरवतो, त्यामुळे तो आपल्याला भलतीकडे नेऊन ठेवतो आणि पुढच्याच क्षणी परत आणतो. नकाशावर वाटेतून निघालेला एक अणकुचीदार काटा दिसतो.

वरचा बिंदू पहिला धरू. समजा, पाच सेकंदांनी `18.37330, 73.75980` अशी नोंद झाली आणि आणखी पाच सेकंदांनी `18.37213, 73.75836` अशी. पहिल्या दोन बिंदूंमधले अंतर १९९ मीटर निघते. पाच सेकंदांत १९९ मीटर म्हणजे ताशी सुमारे १४३ किलोमीटर वेग. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत पुन्हा २०० मीटर. मात्र मधला बिंदू वगळून पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचे अंतर पाहिले, तर ते जेमतेम साडेपाच मीटर भरते. दहा सेकंदांत साडेपाच मीटर हा चढावर चालणाऱ्या माणसाचा वेग झाला. म्हणजे मधला बिंदू खोटा, आणि त्या एकट्याने आपल्या अंतरात ३९४ मीटर घुसवले होते.

उडी ओळखण्याची कसोटी यातूनच मिळते. बिंदूकडे येतानाचा वेग अशक्य, तिथून निघतानाचाही अशक्य, पण तो वगळला की वेग माणसाचा होतो: असा बिंदू काढून टाकायचा. चालण्यासाठी सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी जवळपास अकरा किलोमीटर, ही मर्यादा पुरेशी सैल आहे. वेग काढताना दोन नोंदींमधला खरा वेळ घ्यावा लागतो. झाडीत दोन मिनिटे संपर्क तुटला आणि पुढचा बिंदू शंभर मीटरवर मिळाला, तर ती उडी नाही. तेवढ्या वेळात आपण तेवढे चाललेलो असतो.

ही कसोटी एकेकट्या खोट्या बिंदूला पकडते. कधी फोन सलग वीस-पंचवीस बिंदू बाजूच्या दरीत टाकतो. तिथे उडी जाताना एक आणि येताना एक अशी दोनदाच दिसते, मधले बिंदू आपसांत अगदी शहाण्यासारखे वागतात. अशा वेळी प्रत्येक बिंदूची तुलना शेवटच्या खात्रीच्या बिंदूशी करायची आणि जोवर तिथून चालत पोचणे शक्य नाही तोवर बिंदू नाकारत जायचे. पण सुरुवातीचाच बिंदू चुकीचा असेल तर ही रीत बरोबर बिंदूंनाच नाकारत सुटते. फोनला उपग्रह नीट सापडण्याआधी नोंद सुरू केली की असे घडते. शिवाय वेळ पुढे सरकतो तसा ‘चालत पोचण्याचा’ पल्लाही वाढतो. दोनशे मीटरवरचा खोटा बिंदू सत्तर सेकंदांनी सहज खरा ठरतो. म्हणून सफाईनंतर ट्रॅक नकाशावर डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. ‘जीपीएक्ससी’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये वेगाचा आलेख दिसतो, त्यात सुळके उरले असतील तर काम बाकी आहे असे समजायचे.

काही जण उड्या काढण्याआधीच लागोपाठच्या बिंदूंची सरासरी घेऊन रेषा गुळगुळीत करतात. मग दोनशे मीटरची उडी पाच बिंदूंत वाटली जाते आणि प्रत्येक जण चाळीस मीटर बाजूला सरकतो. काटा जाऊन फुगवटा येतो, आणि आता तो वेगाच्या कसोटीतून निसटूही शकतो. आधी उड्या काढायच्या, मग बाकीचे.

बाकीचे म्हणजे विसाव्याचा गुंता. वाटेत ताक प्यायला वीस मिनिटे बसलो तरी फोनची नोंद चालूच असते. दर सेकंदाला एक या हिशेबाने बाराशे बिंदू जमतात आणि ते आपल्याभोवती घोटाळत राहतात. दोन बिंदूंमध्ये सरासरी पाव मीटर जरी पडले, तरी बसल्या जागी तीनशे मीटर चालणे जमा होते. इथे वेग अगदीच कमी असल्याने वेगाची कसोटी चालत नाही. उपाय सोपा आहे: शेवटी ठेवलेल्या बिंदूपासून किमान पाच मीटर दूर गेल्याशिवाय नवा बिंदू ठेवायचाच नाही. हा आकडा वीस-तीस मीटरपर्यंत वाढवला तर मात्र नागमोडी वाटेची वळणे कापली जातात आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते.

अंतरात चढणीचा तिरकेपणा धरावा का, असाही प्रश्न येतो. सिंहगडाची वाट पुरेशी खडी आहे, तरी पावणेतीन किलोमीटरच्या अंतरात त्याने सत्तर मीटरचीसुद्धा भर पडत नाही. उंचीच्या नोंदी इतक्या डळमळीत असतात की तिरकेपणा धरायला जाऊन त्यांची चूक अंतरात ओढून घेतली जाते. सपाट अंतरच बरे.

उंची डळमळीत असण्याला कारण आहे. सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नाही. आडव्या जागेला चारी दिशांनी आधार मिळतो, उंचीला तो एकाच बाजूने मिळतो, म्हणून उंचीतली चूक जास्त असते. शिवाय काही फोन समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची देतात. आपल्या भागात त्या दोहोंत साठ-सत्तर मीटरचा फरक आहे. कोकणच्या किनाऱ्यावर काही अॅप उंची उणे दाखवतात ती यामुळेच. चढ काढताना हा फरक आड येत नाही, कारण तो सगळ्या बिंदूंना सारखाच लागू असतो. आड येते ती बिंदूगणिक होणारी थरथर.

समजा, लागोपाठच्या उंची ९०२, ९०५, ९०१, ९०६, ९०३, ९०८, ९०४, ९०९ अशा आहेत. माणूस ९०२ वरून ९०९ वर आला, म्हणजे सात मीटर चढला. पण वर जाणारे फरक जमवत गेलो तर तीन, पाच, पाच आणि पाच मिळून अठरा मीटर होतात. म्हणून पाच मीटरचा उंबरठा ठेवतात. एक संदर्भ उंची धरायची; तिच्यापासून पाच मीटर वर गेलो तर फरक जमा करून संदर्भ वर आणायचा, पाच मीटर खाली गेलो तर काहीही जमा न करता तो खाली आणायचा. पायथन भाषेत हे एवढेच:

```python
gain, ref = 0, ele[0]
for h in ele[1:]:
    if h - ref >= 5:
        gain += h - ref
        ref = h
    elif ref - h >= 5:
        ref = h
```

वरच्या आठ आकड्यांवर हे चालवले तर ९०८ आल्यावर सहा मीटर जमा होतात आणि पुढे काहीच होत नाही. अठराऐवजी सहा. खऱ्या सातपेक्षा एक कमी, कारण उंबरठ्याच्या आतले शेवटचे मीटर राहून जातात.

उंबरठा बरोबर आहे की नाही हे पडताळताही येते. तोच ट्रॅक तीन, पाच आणि दहा मीटरच्या उंबरठ्याने मोजायचा. तीनवरून पाचवर जाताना चढ धाडकन उतरला, तर तीनच्या आकड्यात थरथर भरलेली होती. पाच आणि दहाचे आकडे जवळजवळ असतील तर त्यावर विसंबायला हरकत नाही. सिंहगडाची ही वाट जवळपास सलग चढत जाते, त्यामुळे तिथे आणखी सोपा पडताळा आहे: वरच्या उंचीतून खालची उंची वजा करायची. अॅप साडेआठशे म्हणत असेल आणि वजाबाकी सहाशे, तर अडीचशे मीटर कुणीच चढलेले नाही.

कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या ट्रेकला ही सोय नाही. ती वाट एकामागून एक टेकड्या चढत-उतरत जाते, त्यामुळे दोन टोकांच्या उंचीतला फरक एकूण चढाबद्दल फार थोडे सांगतो. तिथे दहा मीटरचा उंबरठा दोन टेकड्यांमधली उथळ खिंड खऱ्या चढासकट पुसून टाकू शकतो, तर तीनचा उंबरठा थरथरीलाही टेकडी समजतो. म्हणून अशा वाटेचा एकूण चढ सांगताना तो किती मीटरच्या उंबरठ्याने काढला हेही सांगायला हवे. त्याशिवाय दोघांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. आणि मूळ फाइल तशीच जपून सफाई तिच्या प्रतीवर करायची, म्हणजे दुसऱ्याने वेगळा उंबरठा सुचवला तर तोही चालवून बघता येतो.