एका संगणकाला दोन पहारेकरी

नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एका अँटीव्हायरसची चाचणी आवृत्ती आधीच भरलेली असते. मालक ती तशीच ठेवतो आणि दुकानातून दुसरा अँटीव्हायरस आणून बसवतो. मग लॅपटॉप मंदावतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकायला गेलं, तर इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबतो आणि पडद्यावर 'Access is denied' असा संदेश येतो.

अँटीव्हायरस विंडोजच्या गाभ्यात आपला एक फिल्टर ड्रायव्हर बसवतो. कुठलीही फाइल उघडली की ती आधी त्याच्याकडून तपासली जाते. असे दोन फिल्टर असले की प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. इन्स्टॉलर तर टेम्प फोल्डरमध्ये शेकडो फायली भराभर लिहीत असतो. त्यातली एखादी एका अँटीव्हायरसने तपासणीसाठी धरून ठेवली आणि नेमकी त्याच क्षणी ती इन्स्टॉलरला बदलायची असली, तर त्याला नकार मिळतो.

विंडोज १० आणि ११ मधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दुसरा अँटीव्हायरस आला की सहसा आपणहून बाजूला होतो. बाहेरून आणलेले दोन अँटीव्हायरस मात्र एकमेकांना जागा देत नाहीत.

शंका आली तर कमांड प्रॉम्प्ट 'Run as administrator' ने उघडून हे लिहा:

```
fltmc filters
```

यादीत प्रत्येक फिल्टरसमोर 'Altitude' हा आकडा दिसतो. 320000 ते 329999 हा पट्टा अँटीव्हायरसचा. WdFilter हे नाव डिफेंडरचं. एकाच कंपनीचे दोन-तीन फिल्टर असू शकतात, त्यात वावगं काही नाही. पट्ट्यात बाहेरच्या दोन कंपन्या दिसल्या, तर संघर्षाचा संशय पक्का धरावा. यातल्या एका कंपनीचं नाव 'Installed apps' मध्ये नसेल, तर ते जुन्या अँटीव्हायरसचं अवशेष आहे.

'Pause' दाबून काम भागत नाही. तपासणी थांबली तरी ड्रायव्हर जागेवरच असतो. कोणता ठेवायचा ते ठरवा आणि त्याची लायसन्स की लिहून ठेवा. नको असलेल्या अँटीव्हायरसचं काढून टाकण्याचं साधन त्याच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच उतरवून घ्या. मग तो 'Installed apps' मधून काढा, संगणक रीस्टार्ट करा, ते साधन चालवा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. काही साधनं सेफ मोडमध्येच चालवावी लागतात. ड्रायव्हरच्या नोंदी रजिस्ट्रीतून हाताने पुसू नका, विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो. ऑफिसच्या संगणकावर हे काम आयटी विभागाकडेच सोपवावं.

शेवटी तीच कमांड पुन्हा द्या. नको असलेल्या कंपनीचं नाव गेलेलं असलं की इन्स्टॉलर चालवून पाहा. तरीही अडला, तर कारण दुसरं आहे: उरलेल्या अँटीव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये त्या इन्स्टॉलरची फाइल अडकली आहे का, ते तपासा.