वायफाय जोडलेलं, पण 192.168 बंद

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

कॅम्पसच्या वायफायवर 192.168 ने सुरू होणारे पत्ते चालत नाहीत, अशी तक्रार तुमच्याकडून नेहमी येते. ते आम्हीच बंद केले आहेत.

१९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले. हे पत्ते घराच्या किंवा संस्थेच्या आतच चालतात, बाहेरच्या इंटरनेटवर नाही. आपल्या कॅम्पसवर त्यांपैकी फक्त 10 ने सुरू होणारा गट वापरतात. घरगुती राऊटर मात्र बहुधा 192.168 चे पत्ते वाटतात. तेव्हा कॅम्पसवर असा पत्ता दिसला, की कुणीतरी घरून राऊटर आणलाय हे आम्ही ओळखतो.

त्यानं बिघडतं काय? समजा, हॉस्टेलच्या खोलीत रेंज कमी म्हणून एकानं राऊटर आणला आणि भिंतीतल्या सॉकेटची केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये खोचली. नेटवर्कला जोडताना प्रत्येक लॅपटॉप ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सगळ्यांना मारतो. उत्तर द्यायचं काम आमच्या डीएचसीपी सर्व्हरचं. पण आता हा राऊटरही उत्तर देतो, आणि तो जवळ असल्यानं अनेकदा आधी देतो. लॅपटॉप सहसा पहिलं उत्तर खरं मानतो. त्याला पत्ता मिळतो 192.168.0.105, आणि बाहेर जायचा दरवाजा म्हणून 192.168.0.1, म्हणजे तोच राऊटर. त्याचा वॅन पोर्ट रिकामा, त्यामुळे पुढे वाटच नाही. वायफायच्या रेघा पूर्ण, पान मात्र उघडत नाही. शेजारच्या खोलीत ज्याला आधीच 10 चा पत्ता मिळालाय, त्याचं सगळं सुरळीत. म्हणून दोष लॅपटॉपवर जातो!

ही गडबड मुख्य फायरवॉलवर थांबत नाही, कारण ही देवाणघेवाण तिथवर पोचतच नाही. म्हणून मजल्यावरच्या स्विचमध्येच बंदोबस्त आहे. पत्तावाटपाची उत्तरं फक्त आमच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टवरून स्वीकारली जातात. खोलीच्या सॉकेटमधून आलेलं उत्तर आणि 192.168 चा पत्ता लावलेली माहिती तिथंच टाकून दिली जाते. केबल वॅनमध्ये लावली तर राऊटर आमच्याकडून 10 चा पत्ता घेऊन आपली उपकरणं त्याआड लपवतो आणि या बंदीतून निसटतो, हेही खरं.

प्रोजेक्टवाल्यांनी घाबरू नये. ईएसपी३२ च्या स्वतःच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप थेट जोडून 192.168.4.1 उघडलं, तर ते उघडेल. ती माहिती आमच्या स्विचमधून जातच नाही.

नेट अडलं, तर विंडोजवर ही आज्ञा द्या:

```
ipconfig
```

‘Default Gateway’ समोर 192.168 दिसलं, तर स्क्रीनचा फोटो आणि खोली क्रमांक आम्हाला पाठवा. आणि खोलीत रेंजच नसेल तर राऊटर आणू नका, तेही कळवा. अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणं आमचं काम आहे.

तुमचा,
नेटवर्क प्रशासक