प्रबंधातला 'अल्पभूधारक' नेमका कोण?

प्रबंधाची परिभाषासूची बहुधा शेवटच्या आठवड्यात, कुठून तरी व्याख्या उतरवून उरकली जाते. घोळ तिथेच होतो. कृषी गणनेत 'अल्पभूधारक' म्हणजे १ ते २ हेक्टर जमिनीचा शेतकरी. १ हेक्टरखालचा 'अत्यल्पभूधारक'. सूचीत ही व्याख्या, आणि चौथ्या प्रकरणात मात्र अर्ध्या हेक्टरवालाही 'अल्पभूधारक' म्हणून मोजलेला! उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा आहे. फाइलमध्ये तो शब्द शोधायचा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या जागी व्याख्या ठेवून वाक्य वाचायचे. वाक्य खोटे ठरले, की चूक सापडली. आकडे २ हेक्टरखालच्या सगळ्यांचे असतील, तर सूचीत लिहावे: 'अल्पभूधारक: २ हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणारा शेतकरी, अत्यल्पभूधारक धरून.' 'कसणारा' की 'मालक', हे मात्र आपली प्रश्नावली पुन्हा उघडूनच ठरवा.