जांभळ्या उजेडात उघडी पडणारी डागडुजी

चिनी मातीची जुनी फुलदाणी दिवसा अगदी अखंड दिसते. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, पाचेक मिनिटं डोळे सरावू द्या आणि तिच्यावर अतिनील टॉर्च तिरका धरून हळूहळू फिरवा. मूळ झिलई एकसारखी काळपट जांभळी राहते. मानेपाशी मात्र दुधाळ किंवा पिवळसर पट्टा चमकला, तर तिथे डिंक, इपॉक्सी किंवा वरून मारलेला रंग आहे असं समजा. मग दिवसा भिंग घेऊन तीच जागा बघा आणि नखानं हळूच वाजवा. दुरुस्त भागाचा आवाज बहुधा बद्द येतो.

टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५ चा स्वस्त पडतो, पण त्याच्या जांभळ्या उजेडातच मंद चमक बुडून जाते. धुतलेल्या फडक्यानं पुसलंत तर साबणातल्या उजाळकामुळे सुटे धागे निळे चमकतात. मी एकदा अशा धाग्यालाच तडा समजलो होतो!

तैलचित्रावर खेळ उलटा. जुनं राळेचं वार्निश हिरवट धुकट चमकतं आणि त्यावर नंतर केलेलं रंगकाम काळे डाग होऊन दिसतं. वार्निशखालची दुरुस्ती सहसा लपूनच राहते. काचेतला चिकटवलेला सांधाही अनेकदा उजळ रेघ दाखवतो. पण काही आधुनिक गोंद अजिबात चमकत नाहीत, म्हणून नुसत्या टॉर्चच्या भरवशावर पैसे मोजू नका. आणि तो डोळ्यांवर कधीच रोखू नका. अतिनील किरण अडवणारा चष्मा घाला.