टेकलेले पाऊल सरकू नये म्हणून

थर्ड पर्सन गेममध्ये कॅमेरा पात्राच्या मागे काही मीटरवर असतो, त्यामुळे खेळणाऱ्याला पात्राचे पाय सतत दिसत राहतात. जमिनीवर टेकलेले पाऊल उचलेपर्यंत तिथेच राहते, हे आपल्या डोळ्यांना इतके सवयीचे असते की ते थोडे जरी सरकले तरी चालणे खोटे वाटू लागते. गेम बनवणारे या दोषाला ‘फूट स्लायडिंग’ म्हणतात. पात्राच्या हालचालींची जुळणी नीट झाली आहे की नाही, हे सर्वांत आधी या पावलावरूनच कळते. ही जुळणी ‘युनिटी’ या गेम इंजिनात कशी करतात, ते पाहू.

अ‍ॅनिमेटर उभे राहणे, चालणे, पळणे, उडी यांच्या छोट्या क्लिप तयार करून देतो. कोणती क्लिप कधी चालवायची हे ठरवणाऱ्या आराखड्याला स्टेट मशीन म्हणतात. पात्र एका वेळी एका स्थितीत असते आणि अट पूर्ण झाली की बाणाच्या दिशेने दुसऱ्या स्थितीत जाते. नवखा माणूस उभे राहणे, चालणे आणि पळणे या तीन वेगळ्या स्थिती करतो. कुठूनही कुठेही जाता यावे म्हणून त्याला सहा बाण काढावे लागतात. स्थिती पाच झाल्या की बाण वीस होतात आणि कोणता बाण कुठे अडला, हे शोधण्यातच दिवस जातो.

खरे तर या तीन क्रियांमध्ये फरक आहे तो फक्त वेगाचा. म्हणून त्या तिन्ही ‘ब्लेंड ट्री’ नावाच्या एकाच स्थितीत ठेवतात आणि तिला `Speed` हा एक आकडा पुरवतात. आकडा 0 असेल तर पात्र उभे राहते, 1.5 असेल तर चालते, 4.5 असेल तर पळते, आणि मधल्या आकड्यांना शेजारच्या दोन क्लिपचे मिश्रण दिसते. आता जमिनीवरची ही स्थिती, उडी, पडणे आणि टेकणे एवढ्या चार स्थिती उरतात आणि पाच बाण पुरतात: जमिनीवरून उडी, उडीतून पडणे, पडण्यातून टेकणे, टेकून पुन्हा जमिनीवर, आणि कड्यावरून पाय सुटला तर जमिनीवरून थेट पडणे.

बाण काढला की युनिटी `Has Exit Time` ही खूण आपणहून चालू ठेवते. चालू क्लिप ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचल्याशिवाय बाण ओलांडायचा नाही, असा तिचा अर्थ. टेकल्यावर पुन्हा चालू लागण्यासाठी हे योग्यच आहे, कारण गुडघे वाकून सरळ व्हायला वेळ द्यावाच लागतो. पण उडीच्या बाणावर ती खूण राहिली, तर बटण दाबल्यावर पात्र आधी हातातले पाऊल पूर्ण करते आणि मग उडते. खेळणाऱ्याला बटणच बिघडल्यासारखे वाटते. म्हणून उडीच्या बाणावरची खूण काढायची आणि एका क्लिपमधून दुसरीत सरकण्याचा काळ साधारण 0.1 सेकंद ठेवायचा.

आता मिश्रणाकडे वळू. दोन क्लिप मिसळताना इंजिन प्रत्येक हाडाच्या दोन स्थितींमधली एक स्थिती काढते. चालण्याच्या क्लिपच्या सुरुवातीला डावा पाय टेकत असेल आणि पळण्याच्या क्लिपच्या सुरुवातीला उजवा, तर एक क्लिप डावा पाय पुढे नेते तेव्हाच दुसरी तो मागे ओढते. दोन्ही हालचाली एकमेकींना खातात आणि पात्र तोकडी पावले टाकत खुरडू लागते. यावर उपाय एकच: दोन्ही क्लिप एकाच पायाच्या टेकण्यापासून सुरू करायच्या आणि दुसरा पाय दोन्हींत अर्ध्यावर टेकेल, असे पाहायचे.

पावले जुळली तरी वेगाचे गणित एक गंमत करते. समजा, चालण्याचे एक चक्र 1 सेकंदाचे आहे आणि त्यात पात्र 1.5 मीटर जाते. पळण्याचे चक्र 0.6 सेकंदाचे आहे आणि त्यात ते 2.7 मीटर जाते, म्हणजे वेग सेकंदाला 4.5 मीटर. `Speed` 3 ठेवला की दोन्ही क्लिप निम्म्या-निम्म्या मिसळतात. ब्लेंड ट्री दोन्ही क्लिपचा काळही सारखा करून घेते, त्यामुळे मिश्र चक्र 0.8 सेकंदाचे होते आणि त्यात अंतर कापले जाते 2.1 मीटर. भागून पाहा: वेग निघतो सेकंदाला सुमारे 2.6 मीटर. आकडा 3 म्हणतो, पाय 2.6 म्हणतात. कोड जर पात्राला 3 च्या वेगाने पुढे ढकलत असेल, तर दर सेकंदाला जवळपास 40 सेंटीमीटरचा हा फरक टेकलेल्या पावलालाच सरकून भरून काढावा लागतो.

याचे मूळ असे की इथे पात्राला हलवणारे दोघे आहेत. क्लिपमधले पात्र ट्रेडमिलवर असल्यासारखे जागीच पळते आणि कोड त्याला पुढे नेतो. रूट मोशनमध्ये हे काम एकाकडेच येते. क्लिपमध्येच पात्र पुढे जात असते आणि क्लिपने या फ्रेममध्ये जेवढे अंतर कापले, तेवढेच पात्र गेमच्या जगात सरकते. पाय 2.6 म्हणाले तर पात्रही 2.6 नेच जाते.

मात्र क्लिपमधली प्रत्येक हालचाल घ्यायची नसते. क्लिपच्या सेटिंगमध्ये फिरणे, वर-खाली आणि आडवे सरकणे या तिन्हींसाठी `Bake Into Pose` अशी वेगळी खूण असते. खूण केली की ती हालचाल शरीराच्या ठेवणीत राहते, पात्राची जागा किंवा दिशा बदलत नाही. सरळ चालण्याच्या क्लिपमध्ये फिरण्यावर आणि वर-खालीवर खूण करायची, आडव्या सरकण्यावर नाही. उभे राहण्याच्या क्लिपमध्ये तिन्हींवर करायची, नाहीतर श्वास घेता घेता पात्र हळूहळू जागचे हलते. दिशा वळवणे कोडकडे ठेवायचे.

गुरुत्वाकर्षण आणि भिंतींचा अडथळा क्लिपला माहीत नसतात. म्हणून क्लिपचे अंतर हातात घेऊन कोडने पुढचे ठरवायचे:

```csharp
void OnAnimatorMove()
{
    Vector3 step = onGround ? animator.deltaPosition
                            : airVelocity * Time.deltaTime;
    step.y = fallSpeed * Time.deltaTime;
    controller.Move(step);
}
```

जमिनीवर क्लिपचे ऐकायचे, हवेत कोडचे. हवेत पाऊल टेकलेलेच नसल्याने सरकण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय उडी किती उंच आणि किती लांब जाईल, हे गेमच्या रचनेला नेमके ठाऊक असावे लागते.

रूट मोशनची किंमतही आहे. थांबण्याच्या क्लिपमध्ये दोन पावले असतील तर पात्र ती टाकूनच थांबते. बोट उचलताच थांबावे लागणाऱ्या वेगवान गेममध्ये हे चालत नाही. तिथे हालचाल कोडकडे ठेवतात आणि क्लिपचा वेग त्याच्याशी जुळवत, थोडे सरकणे सोसतात.

तपासणीसाठी जमिनीवर चौकटींचे टेक्स्चर लावा, `Time.timeScale` 0.1 करा आणि `Speed` 3 वर धरून पात्राकडे बाजूने पाहा. पाऊल सगळ्याच वेगांना सरकत असेल, तर कोड अजूनही कुठेतरी पात्राला ढकलतो आहे. फक्त मधल्या वेगांना पाय खुरडत असतील, तर क्लिपची पावले जुळलेली नाहीत. पाऊल टेकते नीट, पण पात्र चौकटींच्या रेषेवरून एका बाजूला कलत जाते, असे दिसले तर क्लिपचा `Average Velocity` पाहा. तिथल्या पहिल्या आकड्यात शून्याऐवजी काही उरले असेल, तर ती क्लिपच मुळात थोडी तिरकी चालते आहे.