एका ग्राहकासाठी किती मोजावे?

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर जाहिरात देऊन एक नवा ग्राहक मिळवायला किती रुपये खर्च करणे परवडेल, हे तो ग्राहक पुढे धंद्याला एकूण किती मिळवून देणार यावर ठरते. या एकूण रकमेला ग्राहकाचे आजीवन मूल्य म्हणतात. ही रक्कम विक्रीची नसून विक्रीतून हाती उरणाऱ्या पैशांची असते. बहुतेक हिशेब इथेच चुकतात.

समजा, घरगुती मसाले ऑनलाइन विकणारा एक छोटा व्यवसाय आहे. सरासरी ऑर्डर ६०० रुपयांची. त्यातून मालाचे २५०, जीएसटीचे ३०, पॅकिंगचे २५, कुरिअरचे ६५ आणि पेमेंट गेटवेचे १० रुपये जातात. उरतात २२०. शिवाय कॅश ऑन डिलिव्हरीवर मागवून दारातूनच परत पाठवलेल्या पार्सलांचा जाण्यायेण्याचा खर्च असतो. तो इतर ऑर्डरींवर वाटला, तर प्रत्येकीवर सुमारे २० रुपये पडतो. म्हणजे ६०० रुपयांच्या ऑर्डरमागे खरे हाती येतात २००.

आता ग्राहक किती वेळा परत येतो ते पाहायचे. एकूण ऑर्डरींना एकूण ग्राहकांनी भागणे सोपे असले, तरी त्यातून चुकीचे चित्र मिळते, कारण त्यात ओळखीतून आलेले, वर्षानुवर्षे टिकलेले ग्राहकही मिसळतात. त्याऐवजी एका ठरावीक महिन्यात फक्त सोशल मीडियावरच्या जाहिरातीतून पहिल्यांदा आलेल्यांचा गट वेगळा काढावा आणि वर्षभर त्याचा माग ठेवावा. या व्यवसायात जानेवारीत असे १,००० ग्राहक आले. त्यांच्यापैकी ३८० जणांनी दुसरी ऑर्डर दिली, २०० जणांनी तिसरी, आणि चौथ्या व त्यापुढच्या मिळून २२० ऑर्डरी आल्या. वर्षात एकूण १,८०० ऑर्डरी, म्हणजे माणशी १.८. दर ऑर्डरला २०० रुपये धरले, की एका ग्राहकाचे मूल्य ३६० रुपये होते. ‘आजीवन’ असे नाव असले, तरी लहान धंद्याने मुदत बारा महिन्यांचीच धरणे शहाणपणाचे आहे. त्यापुढच्या कमाईचा अंदाज बांधता येतो, पण त्या भरवशावर आज जाहिरातीचे बिल भरता येत नाही. दिवाळीच्या सवलतीत आलेल्यांचा गटही वेगळाच मोजावा. केवळ स्वस्त मिळाले म्हणून घेणारे पूर्ण किमतीला परततीलच असे नाही.

हे ३६० रुपये सगळेच्या सगळे जाहिरातीवर घालता येत नाहीत. पगार, भाडे आणि नफा त्यांतूनच निघायचा असतो. त्यासाठी १२० रुपये राखले, तर एका ग्राहकामागची कमाल मर्यादा २४० रुपये ठरते. पहिल्या ऑर्डरला २००च परत येतात, उरलेले ४० रुपये पुढच्या ऑर्डरींपर्यंत अडकतात. महिन्याला ५०० नवे ग्राहक घ्यायचे, तर दर महिन्याला २०,००० रुपये असे अडकवून ठेवण्याची ऐपत हवी. नफ्यातला धंदाही रोख रक्कम संपून अडचणीत येतो, तो असा.

मर्यादा कळल्यावर प्रत्यक्षात किती खर्च होतो ते तपासायचे. जाहिरात-खात्यात दिसणारा ‘दर खरेदीचा खर्च’ इथे चालत नाही. मेटाच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये जाहिरातीवर क्लिक केल्यावर सात दिवसांत किंवा ती नुसती पाहिल्यावर एका दिवसात झालेली खरेदी जाहिरातीच्या नावावर जमा होते. घेणारा जुना ग्राहक असला, तरी ती मोजली जाते. या व्यवसायाने महिन्याला १,२०,००० रुपये खर्च केले आणि खात्यात ८०० खरेद्या दिसल्या, म्हणजे खरेदीमागे १५० रुपये. ऑर्डरींच्या वहीत मोबाइल क्रमांक ताडून पाहिल्यावर २०० ऑर्डरी जुन्या ग्राहकांच्या निघाल्या, आणखी १०० पार्सले परत आली होती. खरे नवे ग्राहक ५००, आणि प्रत्येकाचा खर्च २४०. मर्यादा नेमकी गाठली गेली होती.

तरीही १५० हा आकडा पाहून मालकाला बजेट वाढवावेसे वाटणे साहजिक आहे. पुढच्या महिन्यात १,६०,००० रुपये खर्च झाले आणि नवे ग्राहक ६०० मिळाले. सरासरी सुमारे २६७ रुपये आली, म्हणजे थोडीशीच वाढ. पण वाढीव ४०,००० रुपयांत मिळाले फक्त १०० ग्राहक, प्रत्येकी ४०० रुपयांना. ज्याचे वर्षाचे मूल्य ३६० आहे, त्याच्यासाठी ४०० मोजले गेले. सहज पटणारे लोक जाहिरात आधी गाठते, मग कमी उत्सुक लोकांपर्यंत जाते, म्हणून असे होते. म्हणूनच बजेट वाढवताना प्रत्येक वेळी फक्त वाढलेला खर्च आणि वाढलेले नवे ग्राहक यांचा भागाकार करावा, आणि तो २४०च्या वर गेला की मागच्या बजेटवर परत यावे.