मिठीतला तिसरा हात

आजीचा हात नातीच्या खांद्यावर आहे. नातीचा हात आजीच्या पाठीमागे गेलेला दिसतो. मग आजीच्या कमरेशी जो आणखी एक हात दिसतोय, जो कुठल्याच खांद्यापर्यंत जात नाही, तो कोणाचा? शिवाय आजीचं डोकं नातीच्या दीडपट मोठं. चेहरे मात्र दोघींचे अगदी हुबेहूब! शेजारच्या काकूंनी मोबाइल पुढे करून हा फोटो दाखवला तेव्हा हसावं की हळहळावं ते कळेना. आजी म्हणजे काकूंची आई. नातीच्या जन्माआधीच ती गेली, त्यामुळे दोघींचा एकत्र फोटो असणं शक्यच नव्हतं.

अशा फोटोंची लाट २०२५ मधली. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जेमिनीत ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने ओळखलं जाणारं मॉडेल आणलं आणि थोड्याच दिवसांत लहानपणीच्या स्वतःला मिठी मारणाऱ्या मोठ्या माणसांनी स्टेटस भरून गेले. त्यापाठोपाठ गेलेल्या माणसांसोबतच्या फोटोंची हौस आली. खरं तर हे काम आपल्याकडचे फोटो स्टुडिओ फार आधीपासून करतात. पण स्टुडिओवाला माणसं शेजारीशेजारी उभी करतो, मध्ये बोटभर जागा सोडून. मिठी दाखवायची तर एकीच्या पाठीवर टेकलेला दुसरीचा पंजा लागतो आणि तो मूळच्या कुठल्याच फोटोत नसतो.

नेमकी हीच अडचण यंत्रालाही येते. असली मॉडेल्स साधारणपणे रंगीत ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने चित्र साफ करत नेतात. त्यांच्यापाशी हाडांचा सांगाडा नसतो, खांद्यापासून कोपर आणि कोपरापासून मनगट असा हिशेब नसतो. मिठीच्या असंख्य चित्रांवरून मिठी कशी दिसते एवढंच त्यांना उमगलेलं असतं. काही मिठ्यांत हात खांद्यावर असतो, काहींत कमरेभोवती. तुम्ही नुसतं ‘दोघी मिठी मारताना’ लिहिलंत, तर ते दोन्ही शक्यता थोड्याथोड्या रंगवून बसतं. तिसरा हात येतो तो असा. आणि दोघींचे कपडे एकाच रंगाचे असतील तर एकीची बाही कुठे संपते आणि दुसरीची कुठे सुरू होते हे त्यालाच ठरवता येत नाही. हात पदरात विरघळून जातो.

काकूंनी दिलेली सूचना एका ओळीची होती: दोघी घट्ट मिठी मारून कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. ही मागणी मुळात अवघड आहे. समोरासमोर घट्ट मिठी मारलेल्या दोन माणसांचे चेहरे एकाच वेळी कॅमेऱ्याकडे वळतच नाहीत. घरात कोणाला तरी उभं करून बघा, एकाची मान पिरगळावी लागते. यंत्र नाही म्हणत नाही, ते मान पिरगळून देतं किंवा खांदे गायब करतं. दोन्ही चेहरे हवे असतील तर मिठी बाजूने घ्यायला हवी: दोघी शेजारीशेजारी, खांद्याला खांदा लावून, आतल्या बाजूचे हात एकमेकींच्या पाठीमागे.

बाजूच्या मिठीचा आणखी एक फायदा आहे. चार हातांपैकी दोन पाठीमागे जाऊन दिसेनासे होतात. न दिसणारा हात बिघडू शकत नाही. म्हणून सूचना लिहिताना लग्नातल्या फोटोग्राफरसारखं बोलावं. तो ‘प्रेमाने उभे राहा’ म्हणत नाही. ‘काकू, तुम्ही इकडे, हा हात मागे घ्या, तो खाली सोडा’ असं म्हणतो. चारही हातांचा हिशेब द्यायचा, कुठला दिसेल आणि कुठला झाकला जाईल यासकट. ‘जादा हात नको, सहा बोटं नको’ अशी नकारघंटा फारशी लागू पडत नाही. कारण जे नको त्याचंच नाव आपण घेत असतो. त्यापेक्षा जे हवं ते लिहावं. उजव्या-डाव्याचा घोळही टाळावा. ‘तिचा उजवा हात’ म्हटलं की तिचा उजवा की बघणाऱ्याच्या उजवीकडचा, यात यंत्र हमखास गोंधळतं. ‘चित्रात डावीकडे उभी असलेली आजी’ आणि ‘आतल्या बाजूचा हात’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

आता आकाराचं. आजीचा फोटो जुना, कृष्णधवल, स्टुडिओतला, छातीपर्यंतचा. नातीचा फोटो म्हणजे सेल्फी. सेल्फी हातभर अंतरावरून निघतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या जवळचं नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. स्टुडिओतला कॅमेरा बराच लांब असतो, चेहरा सपाट आणि प्रमाणात येतो. ही दोन तोंडं शेजारी ठेवली की ती एका खोलीत उभी आहेत असं वाटतच नाही. त्यात आजीच्या चेहऱ्याने चौकट भरलेली आणि नातीच्या फोटोत मागची अर्धी बाग. यंत्र बऱ्याचदा फोटोतलं मापच उचलतं, म्हणून आजीचं डोकं मोठं झालं.

उपाय सूचनेच्या आधीचा आहे. नातीचा फोटो दुसऱ्या कोणाकडून सहासात फुटांवरून काढून घ्यायचा, शक्यतो आजीच्या फोटोत ज्या बाजूने उजेड आहे त्याच बाजूच्या खिडकीपाशी. मग दोन्ही फोटो असे कापायचे की दोन्ही डोकी चौकटीत सारख्या आकाराची दिसतील. मोठ्या माणसांत उंची कमीजास्त असली तरी डोक्याच्या आकारात फारसा फरक नसतो, त्यामुळे ही युक्ती चालते.

उंची मात्र शब्दांत सांगावी लागते, कारण छातीपर्यंतच्या फोटोवरून माणूस किती उंच होता हे कोणालाच कळणार नाही. काकूंच्या मते आई जेमतेम चार फूट दहा इंच. नात पाच फूट सहा. फरक आठ इंचांचा. पण ‘आठ इंच बुटकी’ असं लिहून भागत नाही, यंत्र फूटपट्टी लावत नाही. हा फरक शरीरावर मोजून सांगायचा. मोठ्या माणसाचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत नऊ इंचांच्या आसपास असतं. म्हणजे दोघी सरळ उभ्या राहिल्या तर आजीची टाळू नातीच्या हनुवटीच्या जरा वर येईल. हे वाक्य यंत्राला कळतं, कारण ते दिसणारं आहे.

लहान मूल आणि मोठं माणूस असेल तर सारख्या डोक्यांची युक्ती अंगलट येते. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं मोठ्यांपेक्षा थोडंच लहान असतं, पण अंग फारच लहान. मोठ्या माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या सात-साडेसात डोक्यांएवढी, या मुलाची पाच-साडेपाच. हे न सांगितल्यास यंत्र कधीकधी मोठ्या माणसालाच आक्रसून टाकतं आणि मूल बुटक्या बाप्यासारखं दिसतं. ‘मुलाची टाळू उभ्या माणसाच्या बेंबीच्या जरा वर’ असं लिहावं. किंवा मोठ्याला गुडघ्यावर बसवावं. चेहरे जवळ येतात आणि उंचीचा प्रश्न निम्मा सुटतो.

काकूंच्या बाबतीत काम दोन टप्प्यांत केलं. आधी आजीच्या एकट्या फोटोवरून, साध्या करड्या पडद्यासमोर उभा, गुडघ्यापर्यंतचा फोटो करून घेतला. चेहरा पटला तसं पुढे गेलो. दुसऱ्या टप्प्यात तीन फोटो दिले: आजीचा हा नवा, तिचा मूळचा जुना आणि नातीचा. मूळचा पुन्हा द्यायचा, कारण प्रत्येक फेरीत चेहरा मूळापासून थोडा सरकतो. सूचना अशी होती:

“तीन फोटो दिले आहेत. पहिल्यातून आजीची ठेवण घ्या, दुसऱ्यातून तिचा चेहरा, तिसऱ्यातून नात. चित्रात आजी डावीकडे, नात उजवीकडे. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या, कॅमेऱ्याकडे बघत आहेत. आजीची टाळू नातीच्या हनुवटीच्या जरा वर. आतल्या बाजूचे दोन्ही हात एकमेकींच्या पाठीमागे असून पूर्ण झाकलेले आहेत. आजीचा बाहेरचा हात सरळ खाली, मनगटात हिरव्या बांगड्या. नातीचा बाहेरचा हात सरळ खाली, मनगटात काळं घड्याळ. आजीची साडी गडद जांभळी, नातीचा कुर्ता फिकट पिवळा. चित्रात एकूण दोनच पंजे दिसतात. उजेड डावीकडच्या खिडकीतून, कॅमेरा छातीच्या उंचीवर, सात फूट लांब.”

बांगड्या आणि घड्याळ हौसेखातर नाहीत. कुठलं मनगट कोणाचं याची ती खूण आहे, बनवणाऱ्या यंत्रालाही आणि नंतर तपासणाऱ्या आपल्यालाही. रंग वेगळे ठेवण्याचं कारण तेच.

मग नातीला आजीचा हात हातात धरलेलाही हवा होता. इथे बोटांत बोटं गुंफण्याचा मोह आवरावा. एकाआड एक अशी दहा बोटं आली की चांगल्या मॉडेलचीही मोजणी चुकते. त्यापेक्षा आजीचा पंजा खाली, उताणा, आणि नातीचा एकच पंजा वरून त्यावर पालथा ठेवलेला. वरचा हात तरुण आणि गुळगुळीत, खालच्याच्या कडेला सुरकुत्या व बांगड्या. दोन हातांच्या कातडीत इतका फरक असला की ते एकजीव होत नाहीत.

फोटो आला की चेहऱ्याकडे नंतर बघा. आपली नजर तिथेच अडकते आणि बाकीचं सुटतं. आधी एकेका पंजापासून सुरुवात करून मनगट, कोपर, खांदा असा मागे माग काढा. मध्ये कुठे अंगाआड गेला तर ज्या दिशेने आत गेला त्याच दिशेने बाहेर येतो का ते बघा. मग बोटं मोजा. पाठीमागे गेलेल्या हाताची बोटं समोरच्या कमरेवर चुकून उगवली आहेत का, हे खास तपासा. बाजूच्या मिठीतली ही सर्रास आढळणारी चूक आहे.

एखादीच चूक असेल तर तेवढीच दुरुस्त करायला सांगा: ‘नातीच्या कमरेवरची बोटं काढा, तिथे फक्त पिवळ्या कुर्त्याचं कापड दिसू दे, बाकी काही बदलू नका.’ दोनतीन दुरुस्त्यांनंतरही जमत नसेल तर त्याच चित्राला ठिगळं लावत बसू नका, नव्या संभाषणात मूळ फोटो देऊन पुन्हा सुरुवात करा. दुरुस्तीवर दुरुस्ती केली की कातडी मेणासारखी होते आणि चेहरा भलत्याच बाईचा वाटू लागतो.

आणि एक गोष्ट या कशानेच भागत नाही. गुडघ्यापर्यंतची आजी यंत्राने रचलेली असते. तिचे दंड, तिचे पंजे, तिची उभं राहायची तऱ्हा त्याला कुठून माहीत असणार? हात निर्दोष जमल्यावरही काकू स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “आईची बोटं इतकी लांब नव्हती रे. आखूड होती, जाडसर. आणि ती अशी ताठ कधी उभी राहायची नाही.” ते दोन्ही सूचनेत घातलं.